कपाटात 39, कॅप्शनमध्ये 3

नमस्कार ताई,

मी सांगलीला घरूनच खणाच्या साड्या विकते, इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सॲपवर. दिवाळीच्या मालातल्या 46 साड्या उरल्यात: राणी 13, बॉटल ग्रीन 12, काळ्या 9, हळदी 8, मोरपंखी 4. यातल्या दोन काळ्यांच्या विणीत दोष आहे, तीन हळदी बचत गटाच्या स्टॉलवर ठेवल्यात आणि दोन राणी एकीने ॲडव्हान्स देऊन राखून ठेवल्यात. लग्नसराईचा माल भरायला पैसे मोकळे व्हायला हवेत, म्हणून 8 आणि 9 नोव्हेंबरला, शनिवार-रविवार, 1,450 ची साडी 1,150 ला काढतेय. पुतण्याने कॅप्शन लिहून दिलंय: "मेगा फ्लॅश सेल! 2,200 ची खण साडी फक्त 1,150! फक्त 3 शिल्लक! आज रात्री 12 पर्यंत! स्टॉक असेपर्यंतच! अशी संधी पुन्हा कधीच नाही!"

मागच्या महिन्यात असंच "फक्त 3 शिल्लक" वाचून मिरजेच्या एका ताईंनी राणी रंगाची साडी घाईने घेतली. दुसऱ्या दिवशी माझ्याच स्टोरीत तशाच आठ साड्या एकावर एक ठेवलेल्या त्यांना दिसल्या. त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली नुसतं प्रश्नचिन्ह. मी अजून उत्तर दिलेलं नाही. पुतण्या म्हणतो, सगळे असंच लिहितात. खरं लिहिलं तर माल उठेल का? आणि लिहायचं कसं?

एक वाचक, सांगली

---

कॅप्शनला हात लावण्याआधी कपाट उघडा. 46 हा उरलेल्या साड्यांचा आकडा झाला, सेलमध्ये मांडायचा आकडा वेगळा निघेल. दोष असलेल्या दोन काळ्या आधी बाजूला काढा. चांगल्या मालाच्या मोजणीत त्या येत नाहीत. विकायच्याच असतील तर सेल आटोपल्यावर, दोषाचा जवळून काढलेला फोटो लावून, वेगळ्या भावाने विका. स्टॉलवरच्या तीन हळदी साड्या तुमच्या मालकीच्या असल्या तरी तुमच्या हाताशी नाहीत. शनिवारी दुपारी स्टॉलवर एक विकली गेली आणि त्याच वेळी तुम्ही तीच इन्स्टाग्रामवर कुणाला दिलीत, तर एका साडीला दोन मालकिणी होतील आणि त्यातली एक तुमच्याशी भांडेल. त्याही मोजू नका. ॲडव्हान्स घेतलेल्या दोन राणी विकल्यातच जमा. मग उरतात 39: बॉटल ग्रीन 12, राणी 11, काळ्या 7, हळदी 5, मोरपंखी 4.

माझ्या जावेबरोबर मी काही वर्षं कॉटनच्या साड्या विकल्या आहेत. शिल्लक मालाबद्दल खोटं लिहायला आम्ही कधी बसलो नव्हतो, तरी ते आमच्या हातून घडायचं, आणि ते मोजणीतून घडायचं. मी व्हॉट्सॲपवर उत्तरं देत असायची, जाऊ इन्स्टाग्रामवर, आणि सासूबाई दारात आलेल्या शेजारणीला एक दाखवून देऊन टाकायच्या. तिघींच्या डोक्यात तीन आकडे. शेवटी आम्ही दिवाणखान्यात टेबलावर रंगाप्रमाणे वाट्या मांडल्या आणि जितक्या साड्या तितके चिंचोके त्यात टाकले. साडी कुणासाठी राखली की एक चिंचोका वाटीतून उचलून शेजारच्या बशीत ठेवायचा. पैसे आले की बशीतला चिंचोका डब्यात. पैसे आले नाहीत तर परत वाटीत. घरातल्या कुणालाही "हळदी किती आहेत?" असं विचारलं की ती वाटीत बघून सांगायची. तुमच्याकडे पाच रंग आहेत, म्हणजे पाच वाट्या आणि एक बशी. मोबाइलवर शीट करायचं असेल तर करा, पण सेलच्या दोन दिवसांत दहा जणींचे मेसेज एकाच वेळी येतात तेव्हा शीट उघडून बघायचं राहून जातं. वाटी नजरेसमोर असते.

आता शब्दांकडे वळू. पुतण्याचं कॅप्शन आपण समजा खरं केलं आणि लिहिलं, "मोरपंखी फक्त 4 शिल्लक". शनिवारी सकाळी अकराला हे अगदी खरं असेल. दुपारी दोनपर्यंत त्यातल्या तीन गेल्या, की तेच वाक्य खोटं झालं, आणि तुम्ही तर त्याला हातही लावलेला नाही. फ्लॅश सेलच्या कॅप्शनची खरी अडचण ही आहे. ते एका वेळी लिहिलं जातं आणि शंभर वेगवेगळ्या वेळी वाचलं जातं. इन्स्टाग्रामची फीड 2016 पासून वेळेच्या क्रमाने लागत नाही, त्यामुळे शनिवारची पोस्ट कुणाला सोमवारी सकाळी चहा पिताना दिसते. व्हॉट्सॲपवरचा मेसेज तर एका ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपमध्ये जात राहतो आणि तो तुम्ही बदलूही शकत नाही. म्हणून प्रत्येक वाक्य लिहिताना एकच कसोटी लावा: हे सोमवारी सकाळी वाचणाऱ्या बाईला फसवेल का?

या कसोटीवर "शिल्लक" हा शब्द टिकत नाही. "शिल्लक" म्हणजे वाचण्याच्या क्षणी शिल्लक, आणि तो क्षण तुमच्या हातात नसतो. त्याऐवजी सुरुवातीचा आकडा सांगा: "शनिवार 8 नोव्हेंबरला सकाळी 11 वाजता सेल सुरू होताना मोरपंखी 4 आहेत." हे वाक्य शनिवारी दुपारी खरं, रविवारी रात्री खरं, पुढच्या वर्षीही खरंच राहील. वाचणारी स्वतःच अंदाज बांधते, की चारच होत्या म्हणजे आता असतील की नाही कोण जाणे, आधी विचारून घेऊ. तुम्हाला हवी असलेली घाई तिला होते, आणि ती खऱ्या आकड्यामुळे होते.

बॉटल ग्रीनच्या बाराच्या बारा घरात असताना ती संपत आल्याचं भासवू नका. इथेच बहुतेकींचा पाय घसरतो, कारण एका रंगाची टंचाई खरी असली की ती सगळ्या रंगांवर पसरवायचा मोह होतो. तुमच्या सेलमध्ये मुदत 39 साड्यांनाही लागू आहे आणि टंचाई फक्त मोरपंखीला. मोरपंखीसाठी आकडा सांगा, बाकीच्यांसाठी भाव आणि मुदत पुरेशी आहे. काही जणी म्हणतील, बारा आहेत ना, मग उद्या बघू. म्हणू देत. उद्या त्या खरंच बघतील, कारण उद्या रात्री भाव परत वर जाणार हे त्यांना माहीत आहे. तुम्ही विचारलंत, खरं लिहून माल उठेल का. माझ्या अनुभवात पहिल्या तासातली झुंबड कमी होते आणि शेवटच्या दोन तासांत मेसेज वाढतात. मात्र तुमची मुदत खरी असते हे गिऱ्हाइकांना कळायला एखाददुसरा सेल जावा लागतो, म्हणून पहिल्याच वेळी 39 पैकी सगळ्या जातील असं धरून लग्नसराईची ऑर्डर देऊ नका.

फोटोबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण मला शंका आहे की पोस्टच्या पहिल्या फोटोत मोरपंखीच असेल. खणात तो रंग सर्वांत उठून दिसतो. चार साड्यांचा रंग पुढे ठेवून गिऱ्हाईक बोलवायचं आणि ती आली की "मोरपंखी संपली, राणी आहे" म्हणायचं, याला गळ टाकणं म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं याच प्रकाराबद्दल बोलतात: जाहिरातीमुळे जेवढी मागणी येईल असं दिसतं तेवढा माल हवा, आणि नसेल तर माल मर्यादित आहे हे जाहिरातीतच स्पष्ट सांगायला हवं. तेव्हा पहिला फोटो राणीचा किंवा बॉटल ग्रीनचा लावा, किंवा पाचही रंगांच्या घड्या शेजारी शेजारी मांडून एकच फोटो काढा. मोरपंखीचा फोटो चौथा-पाचवा असू दे. फोटोवर आकडा किंवा "आज" असा शब्द छापू नका. कॅप्शन पोस्ट केल्यावरही दुरुस्त करता येतं, पोस्ट केलेला फोटो बदलता येत नाही.

पुतण्याला "सगळे असंच लिहितात" याचं उत्तर हवं असेल तर त्याला याच प्राधिकरणाची 30 नोव्हेंबर 2023 ची डार्क पॅटर्नविषयीची, म्हणजे ऑनलाइन गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या युक्त्यांविषयीची, मार्गदर्शक तत्त्वं दाखवा. त्यात तेरा प्रकार दिलेत आणि पहिलाच प्रकार खोट्या घाईचा आहे. माल आहे त्यापेक्षा कमी असल्याचं सांगणं त्यात येतं, वस्तूची खोटी लोकप्रियता दाखवणंही येतं. म्हणजे "आत्ता 25 जणी ही साडी बघताहेत" असं मनाने लिहिणंही गेलं. आणि ही तत्त्वं मोठ्या ॲपपुरती नाहीत, विक्रेते आणि जाहिरातदार दोघेही त्यांच्या कक्षेत येतात. तुमच्यासारख्या घरून विकणाऱ्या बाईच्या दारात कुणी नोटीस घेऊन येईल असं मी म्हणत नाही. तुमच्याकडे आलेली नोटीस मिरजेहून आली आहे, आणि ती जास्त महत्त्वाची आहे.

वेळेवर मला थोडं थांबायचंय, कारण या एका ओळीने माझं नुकसान झालेलं आहे. एका सेलच्या मेसेजमध्ये आम्ही लिहिलं होतं, "रविवारी रात्री 12 पर्यंत". आमच्या मनात होतं रविवार मावळून सोमवार लागतो तो क्षण. पण घड्याळाच्या हिशेबाने रविवारचे रात्री बारा म्हणजे शनिवारी रात्री तारीख बदलते ती वेळही होऊ शकते, आणि बऱ्याच जणींनी तसंच धरलं. त्यांनी शनिवारी रात्री धावपळ करून पैसे पाठवले आणि रविवारी संध्याकाळी आमची "अजून पाच तास बाकी" ही स्टोरी बघितली. त्यांना वाटलं, मुदत मुद्दाम वाढवली. चार जणी त्यानंतर परत आल्या नाहीत. आम्ही खोटं बोललो नव्हतो, पण त्यांच्या बाजूने बघितलं तर फरक काय होता?

म्हणून रात्री बारा ही वेळच वापरू नका. वार, तारीख, आणि दोन अर्थ निघणार नाहीत असा तास लिहा: "रविवार 9 नोव्हेंबर, रात्री 9". नऊला तुम्ही जाग्या असता, उत्तरं देऊ शकता, मोजणी करू शकता. "आज", "उद्या", "शेवटचे काही तास" हे शब्द पोस्टमध्ये नकोत, कारण सोमवारी वाचणारीचा "आज" सोमवार असतो. स्टोरी आणि स्टेटस 24 तासांत आपोआप जातात, पण तिथेही "आज" लिहाल तर तारीख जोडा. शनिवारी रात्री दहाची स्टोरी रविवारी दुपारीही दिसत असते. "रविवारपर्यंत" हाही घोळाचा शब्द आहे. रविवार धरून की रविवार सोडून? आणि तुमच्या ग्रुपमध्ये परदेशी राहणाऱ्या असतील तर "भारतीय वेळ" हे दोन शब्द घाला. आपले रात्रीचे नऊ दुबईत संध्याकाळी साडेसात असतात आणि नोव्हेंबरात न्यू यॉर्कला सकाळचे साडेदहा.

नऊ वाजता नक्की काय संपतं, हेही आधीच ठरवा. मेसेज नऊच्या आत यायला हवा की पैसे? रात्री आठ अठ्ठावन्नला मेसेज येतो, तुम्ही नऊ दोनला बघता, ती नऊ पाचला यूपीआय करते आणि व्यवहार दहा मिनिटं "पेंडिंग" दिसत राहतो. तेव्हा ठरवायला बसलात की एकीला सूट मिळते आणि दुसरीला नाही. माझा नियम असा होता: मेसेज नऊच्या आत, पैसे साडेनऊच्या आत. मेसेज आल्यावर साडी अर्धा तास राखायची आणि चिंचोका बशीत ठेवायचा. अर्ध्या तासात पैसे दिसले नाहीत तर एकदा विचारायचं, व्यवहार अडकल्याचा स्क्रीनशॉट आला तर थांबायचं, नाहीतर साडी पुढच्या बाईला.

किंमतीचं थोडक्यात सांगते. 2,200 खोडा. ही साडी तुम्ही दिवाळीभर 1,450 ला विकलीत, तर "एरवी 1,450" एवढंच लिहायचा हक्क तुम्हाला आहे. ज्या भावाने एकही साडी विकली नाही तो भाव खोडून दाखवणं म्हणजे जी सूट दिलीच नाही तिचं श्रेय घेणं. टपालखर्च घेत असाल तर तो कॅप्शनमध्येच सांगा. 1,150 म्हणून बोलवायचं आणि पैसे देताना टपालाचे 80 पुढे करायचे, हाही त्या तेरा प्रकारांतला एक आहे. 80 हा आकडा मी उदाहरणाला घेतलाय, तुमचा जो असेल तो घाला. "पुन्हा कधीच नाही" हे तर काढाच. पुढच्या पाडव्याला तुम्ही सेल लावणार नाही याची हमी तुम्हाला तरी देता येते का? आणि मोरपंखीची नवी ऑर्डर खण विणणाऱ्या गुळेदगुड्डला आधीच दिलेली असेल तर तसं लिहा: "मोरपंखी नव्या मालात येणार आहे, 1,450 ला." काही जणी थांबतील. त्या चार साड्या तरीही जातील, कारण तीनशे रुपयांचा फरक खरा आहे.

आता कॅप्शन. पोस्ट उघडल्याशिवाय साधारण पहिल्या दोन ओळीच दिसतात, बाकीचं "more" च्या मागे जातं. तेव्हा वस्तू, भाव आणि संपायची वेळ या तीन गोष्टी पहिल्याच वाक्यांत यायला हव्यात. "मेगा फ्लॅश सेल" ने ती जागा खाऊ नका. मी असं लिहीन:

"खणाची साडी 1,150 रुपयांना, एरवी 1,450. हा भाव रविवार 9 नोव्हेंबरला रात्री 9 वाजता संपतो, भारतीय वेळ.

शनिवार 8 नोव्हेंबरला सकाळी 11 वाजता सेल सुरू होताना 39 साड्या आहेत: बॉटल ग्रीन 12, राणी 11, काळी 7, हळदी 5, मोरपंखी 4. जो रंग संपेल त्याची नोंद खाली कमेंटमध्ये वेळेसकट करत जाईन.

या दिवाळीच्या मालातल्या साड्या आहेत. लग्नसराईचा माल भरायचा आहे म्हणून दोन दिवसांपुरता भाव कमी केला आहे. रविवारी रात्री 9 नंतर उरलेल्या साड्या पुन्हा 1,450 ला.

टपालखर्च 80 रुपये वेगळा. घरी येऊन नेलीत तर लागणार नाही.

हवा तो रंग मेसेजमध्ये लिहा. साडी 30 मिनिटं तुमच्या नावाने ठेवीन, तेवढ्यात पैसे आले की ती तुमची. रात्री 9 च्या आत मेसेज केलात तर पैसे 9:30 पर्यंत चालतील."

यात उद्गारचिन्ह नाही हे पुतण्याला खटकेल. त्याला एखादं घालायचं असेल तर घालू दे, फक्त आकड्यांना आणि तारखेला हात लावू देऊ नका. "स्टॉक असेपर्यंतच" हे शब्दही मी मुद्दाम गाळलेत. आपल्याकडे ते इतके वर्षं दुकानांच्या पाट्यांवर लिहिले गेलेत की त्यांचा अर्थच उरलेला नाही. दहा साड्या असोत की दहा हजार, पाटी तीच असते. 39 हा आकडा लिहिल्यावर त्या शब्दांचं काम उरत नाही.

व्हॉट्सॲपसाठी हाच मजकूर घ्या, फक्त कमेंटची ओळ काढा आणि तिथे लिहा, "पैसे पाठवण्याआधी रंग आहे का ते विचारा." तो मेसेज पाठवल्यावर थोड्याच मिनिटांत दुरुस्तीच्या पलीकडे जातो, त्यामुळे पाठवण्याआधी तारीख आणि वार जुळतात का ते कॅलेंडरवर बोट ठेवून बघा. चुकीचा वार पडला तर अर्ध्या बायका वार धरतील, अर्ध्या तारीख. ब्रॉडकास्टने पाठवणार असाल तर लक्षात ठेवा, तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलेला नाही त्यांना तो जाणारच नाही. जुन्या गिऱ्हाइकांना वेळेत कळावं असं वाटत असेल तर त्यांना एकेक मेसेज करा, शनिवारी अकराच्या आधी नको आणि खूप उशिराही नको.

सेल चालू असताना ताजा आकडा सांगायचा झाला तर वाटीत बघून सांगा आणि वेळ जोडा. "मोरपंखी 1 उरली, शनिवार दुपारी 2:10" अशी स्टोरी टाकायला काहीच हरकत नाही. ती खरी आहे, आणि दुपारी चारला बघणारीला ती जुनी झाल्याचं कळतं. पण बशीत असलेली साडी उरलेली धरू नका, ती कुणाच्या तरी नावावर आहे. मोरपंखी संपली की कमेंटमध्ये "मोरपंखी संपली, शनिवार दुपारी 2:40" लिहून ती कमेंट पिन करा. कॅप्शनमध्येही मोरपंखीपुढे "संपली" लिहा. एखादीने ऑर्डर रद्द केली तर तेही उघड सांगा: "एक ऑर्डर रद्द झाली, मोरपंखी 1 परत आली." न सांगता साडी गुपचूप पुन्हा विकलीत तर ज्यांनी "संपली" वाचलं त्यांना मिरजेच्या ताईंसारखंच वाटेल. काउंटडाउनचा स्टिकर लावणार असाल तर तोही रविवारी रात्री नऊलाच संपेल असा लावा. दोन ठिकाणी दोन वेळा दिसल्या की लोक दोन्हींवर विश्वास ठेवत नाहीत.

रविवारी रात्री नऊला समजा चौदा साड्या उरल्यात. हा क्षण अवघड असतो, कारण समोर माल दिसतो आणि लग्नसराईचे पैसे डोक्यात असतात. "गिऱ्हाइकांच्या आग्रहास्तव मुदत दोन दिवस वाढवली" हे वाक्य हाताशी तयार असतं, प्रदर्शनांच्या फलकांवर आपण ते कायम वाचतो. ते लिहू नका. ज्या बाईने रविवारी रात्री आठ वाजता मुलांचं जेवण अर्धवट सोडून तुम्हाला पैसे पाठवले, तिची घाई त्या एका वाक्याने वाया जाते, आणि पुढच्या वेळी तुमचा रात्री नऊचा शब्द ती मोजणार नाही. अपवाद एकच करा. त्या दोन दिवसांत यूपीआय खरंच तासभर बंद पडलं किंवा तुमच्याकडची वीज गेली आणि मेसेज बघताच आले नाहीत, तर जितका वेळ गेला तितकाच वाढवा आणि कारण लिहा. चौदा साड्यांना लगेच गिऱ्हाईक हवंच असेल तर त्या एखाद्या दुकानाला ठोक भावात द्या, किंवा महिना-दोन महिन्यांनी नवा सेल लावा, नव्या तारखेने आणि तेव्हा मोजलेल्या आकड्याने.

नऊ वाजून पाच मिनिटांनी कॅप्शनची पहिली ओळ बदला: "हा सेल रविवार 9 नोव्हेंबरला रात्री 9 वाजता संपला. आता भाव 1,450." बाकी मजकूर तसाच राहू दे. सोमवारी चहा पिताना पोस्ट बघणारीला पहिल्याच ओळीत कळेल आणि तिने चौकशी केलीच तर तुम्हाला ओशाळून उत्तर द्यावं लागणार नाही.

राहता राहिल्या मिरजेच्या ताई. त्यांना सेलच्या आधी उत्तर द्या, आजच द्या, कारण सेलची पोस्ट त्यांनाही दिसणार आहे आणि त्यात राणीपुढे 11 हा आकडा असेल. पुतण्याचं नाव पुढे करू नका, दुकान तुमचं आहे. "ताई, त्या दिवशी 'फक्त 3 शिल्लक' लिहिलं ते चुकीचं होतं. तेव्हा राणी रंगाच्या साड्या जास्त होत्या. तुम्ही घाईत घेतली असेल आणि आता नको वाटत असेल तर मी साडी परत घेते, पूर्ण पैसे देते, आणि मिरजेला येऊन स्वतः घेऊन जाते. ठेवायची असेल तरी तुम्हाला सांगायचं राहिलं होतं म्हणून हा मेसेज." तेव्हा नक्की किती होत्या हे वहीवरून कळत असेल तर "जास्त" च्या जागी तो आकडा घाला. सूट देऊन त्यांना गप्प करायला जाऊ नका, आधी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्या.

त्यांनी साडी परत दिली आणि ती शनिवारी अकराच्या आत तुमच्या हातात आली, तर घडी मोडून नीट तपासा. चांगली असेल तर राणीच्या वाटीत एक चिंचोका वाढवा आणि कॅप्शनमध्ये राणी 12, एकूण 40 असं करा.